डावे मागचे आतले चाक

स्मरणिकेत कंपनीचा इतिहास घ्यायचा ठरले तेव्हा अण्णांनी एकच अट घातली. "पहिल्या गाडीच्या पूजेचा फोटो छापा, पण लिहिताना पूजा घालत बसू नका." पहिली सहा चाकी कोणाकडून घेतली, कर्जाला जामीन कोण राहिले, अकरा गाड्या कशा झाल्या, हे सगळे धाकट्या शेठनी स्वतंत्र लेखात लिहिले आहे. माझ्या वाट्याला आला तो फारसा न सांगितला जाणारा भाग: वाटेत बंद पडणाऱ्या गाड्या कमी कशा झाल्या. मी मेकॅनिक नाही. इथे बिल्टी फाडायला लागलो आणि अजून तेच करतो. पण या कामाची किल्ली बिल्टीच्याच टेबलावर होती, हे समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली, म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले असावे.

आमचा धंदा पहिल्यापासून वजनदार मालाचा. शिरोलीच्या फाउंड्रीतले कास्टिंग चाकणला किंवा न्हावा शेवाला न्यायचे, येताना मिळेल तो माल आणायचा, मधूनच गोव्याहून पिग आयर्न घेऊन आंबोली घाट चढायचा. कास्टिंगची गाडी दिसायला अर्धी रिकामी आणि वजनाला पूर्ण भरलेली असते. अशी गाडी खंडाळ्याच्या उतारावर उभी राहिली तर दुसऱ्या गाडीत माल पलटी करायला क्रेन लागते आणि पार्टीचा फोन दर अर्ध्या तासाने येतो. त्या काळी रात्री ऑफिसचा फोन वाजला की वहिनी घरातून विचारायच्या, "कुठं पडली?" कोण बोलतंय हे विचारायची गरजच नसायची.

म्हणजे देखभाल होत नव्हती असे नाही. भिंतीवर एक फळा होता. त्यावर गाडीचा नंबर आणि मागची सर्व्हिस कधी झाली ती तारीख. नियम दोन महिन्यांतून एकदा. नियम वाईटही नव्हता, कारण तेव्हा जकात नाक्यावर, सीमेवरच्या चौकीवर गाडी तासन् तास उभी राहायची आणि महिन्याला चार हजार किलोमीटरच्या पुढे क्वचित जायची. दोन महिन्यांचे आठ हजार. आमच्या त्या गाड्यांना ऑइल आणि ग्रीसिंग नऊ हजारांना करायचे, त्यामुळे फळा आणि गाडी यांचे जमत होते.

मग रस्ते सुधारले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, पुढे कोल्हापूरपर्यंतचा महामार्ग चौपदरी झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकात आणि सीमेवरच्या करचौक्या गेल्या. गाड्या महिन्याला सहा-साडेसहा हजार पळू लागल्या. आम्ही खूश होतो. फळ्यावरचा नियम मात्र दोन महिन्यांचाच राहिला, म्हणजे नऊ हजारांची सर्व्हिस तेरा हजारांवर गेली, आणि फळ्याकडे पाहून कोणालाही उशीर झालेला दिसत नव्हता. त्यात सर्व्हिसच्या तारखेला गाडी बंदराच्या रांगेत अडकलेली असली तर ती पाळी चुकायची आणि थेट पुढच्या पाळीवर जायची.

धाकट्या शेठनी फळा उलटा केला, एवढीच खरी क्रांती. मागची सर्व्हिस कधी झाली ते लिहायचे बंद. पुढची किती किलोमीटरला आहे ते लिहायचे. गाडी आली की मीटरचा आकडा घ्यायचा आणि वजाबाकी करून 'शिल्लक' रकान्यात मांडायचा. आणि खडू मिस्त्रींच्या हातून काढून माझ्या हातात दिला. मिस्त्रींना राग आला, तो मला मान्य आहे. पण कारण सरळ होते. मिस्त्री कितीही ओरडले तरी गाडीत भरणी लागली की ती जाणारच; भरणी थांबवू शकतो तो फक्त बिल्टी फाडणारा. कोल्हापूर ते न्हावा शेवा आणि परत, धरून चाला आठशे किलोमीटर. म्हणून नियम असा झाला की शिल्लक हजाराच्या आत आली तर त्या गाडीची बिल्टी फाडायची नाही, आधी ती पिटवर. हजार किलोमीटर लवकर सर्व्हिस झाली तर थोडे ऑइल वाया गेले. उशीर मात्र चालणार नाही.

मग गाड्या एकदम पिटवर आल्या तर? हा हिशेब शेठनी माझ्यासमोर बिल्टीच्या मागे केला होता. अकरा गाड्या, प्रत्येकी सहा हजार, म्हणजे महिन्याचे ६६ हजार किलोमीटर. भागिले नऊ हजार, म्हणजे महिन्याला सात-आठ सर्व्हिस. आठवड्याला दोन. त्यातली एक कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, जेव्हा तशीही भरणी नसते. एका पिटवर आणि एका मिस्त्रीवर एवढे सहज होते. इतकी वर्षे आम्ही 'वेळ कुठे आहे' म्हणत होतो, ती वेळ कोणी मोजलीच नव्हती.

पण फळा उलटा करून ड्रायव्हर उलटे होत नाहीत. ड्रायव्हरला पैसे खेपेवर. गाडी दिवसभर पिटवर म्हणजे त्याची एक खेप कमी. त्यामुळे क्लच घसरतोय, चाकाशी आवाज येतोय, हे तो सांगणारच नाही. सांगितले तर गाडी अडकेल. आम्ही तक्रारीसाठी छापील कागद काढला आणि तीन महिने तो कोराच परत येत राहिला. मग अण्णांनी सर्व्हिसच्या दिवसाचा भत्ता ठरवला आणि ड्रायव्हरने त्या दिवशी गाडीपाशी थांबायचे असे केले. पुढच्याच आठवड्यात एका कागदावर सात तक्रारी होत्या. त्यातली एक दीड वर्ष जुनी निघाली.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण स्मरणिकेत असे कोणी लिहीत नाही. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत आमच्या गाड्या आधीपेक्षा जास्त पडल्या. उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक सर्व्हिसला सगळे खोलत होतो. चाकाचा हब खोलायचा, जुने ग्रीस पुसायचे, नवे भरायचे. एका गाडीचा हब असाच संध्याकाळच्या घाईत बांधला, नट आवळला तो आवळलाच. बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळायचा असतो, मग थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चाक हाताने मोकळे फिरते पण हलत नाही. ते मागे घेणे राहिले. कराडच्या अलीकडे बेअरिंग तापून जाम झाले. धुळीच्या यार्डात उघडलेल्या हबमध्ये आणखी काय काय गेले असेल ते वेगळेच. तेव्हापासून जे नऊ हजारांना बघायचे ते बघायचे, आणि हब ठरलेल्या चौथ्या सर्व्हिसला किंवा चाक जॅकवर घेऊन हलवल्यावर ढिले लागले तरच खोलायचा.

आता टायर. आमच्या वहीत वाटेतल्या अडचणींची कारणे लिहायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात जास्त नोंदी टायरच्याच निघाल्या. व्याख्या आम्ही कडक ठेवली होती: गाडी वाटेत दोन तासांच्या वर थांबली तर ती 'पडली'. पंक्चर झाले, स्टेपनी घातली, तासात निघाली, तर ती पडली नाही, पण टायरच्या वहीत नोंद हवी. आणि टायरच्या वहीतच घोळ होता. नोंद असायची ती अशी: 'गाडी नं. ७, टायर फुटला, नवीन दिला.' कोणता टायर, कुठला, किती पळालेला, काही नाही. त्यामुळे दोष ठरलेला. एकदा ड्रायव्हरचा, एकदा टायर कंपनीचा, एकदा रस्त्याचा.

प्रत्येक टायरला नंबर द्यायचा, ही सूचना वहिनींची. भांड्यांवर नाव घालतात तसे टायरवर घाला, म्हणाल्या. लोखंडी आकडे तापवून टायरच्या बाजूवर वरच्या भागात, अक्षरे असतात तिथे, अगदी हलका डाग द्यायचा. खोल गेला तर आतल्या धाग्याला धक्का लागतो. वहीत एका टायरला एक पान. कधी घेतला, कोणत्या गाडीला, कोणत्या जागी, बसवला तेव्हा मीटर किती, काढला तेव्हा किती, का काढला, नक्षी किती मिलिमीटर उरली होती. जागांनाही नंबर दिले: पुढची दोन १ आणि २, मधल्या एक्सलची ३ ते ६, मागच्या एक्सलची ७ ते १०, डावीकडून उजवीकडे. डागलेल्या नंबरांचा आणखी एक फायदा झाला, त्याबद्दल फार लिहीत नाही. नवे टायर वाटेत कुठेतरी जुने होऊन परत येत, ते थांबले.

वर्ष-सव्वा वर्ष पाने भरली आणि एका दुपारी मी सात नंबरच्या गाडीची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली. चार टायर फुटलेले. ४३, ५८, ६१ आणि ८०. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. ड्रायव्हर मध्ये बदललेला. पण चौघेही मेले ते जागा नंबर ८ वर. मागच्या एक्सलचे, डावे, आतले चाक. टायर बदलत होते, ड्रायव्हर बदलत होते, जागा एकच.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, मिस्त्रींनी सगळ्या दहा चाकांची हवा गेजने मोजली. गार असतानाच मोजायची, कारण पळालेल्या टायरमध्ये हवा तापून आकडा वाढलेला दिसतो आणि लोक तो बघून हवा सोडतात. गार झाल्यावर टायर कमीच असतो. आमच्या त्या नायलॉनच्या टायरला ११० हवी होती. बाहेरच्या ७ नंबरमध्ये ११० होती. आतल्या ८ मध्ये ६२.

कारण पाहायला खाली वाकावे लागले. आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह डिस्कच्या भोकातून आत खोल, आणि हवेच्या नळीचे तोंड तिथे नीट बसत नाही. किन्नर बिचारा जिथे नळी पोचते तिथे हवा भरायचा आणि आतल्याला टॉमी मारून आवाज ऐकायचा. टॉमीच्या आवाजाने टायर बसलाय की नाही एवढेच कळते. ११० आणि ७० मधला फरक भल्याभल्यांच्या कानाला कळत नाही. मी आमच्या तिघा जुन्या ड्रायव्हरांची परीक्षा घेतली होती, तिघेही नापास. डोळ्यालाही कळत नाही, कारण शेजारचा भरलेला टायर गाडी उचलून धरतो. कमी हवेचा टायर मात्र प्रत्येक फेऱ्याला बाजूने दबतो, सुटतो, दबतो, आणि आतून तापत जातो. पूर्वी चाळीसच्या वेगाने हे खपून जायचे. चौपदरी रस्त्यावर खपले नाही.

व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून त्याचे तोंड बाहेरच्या चाकापर्यंत आणले. सगळ्याच गाड्यांच्या सगळ्या आतल्या चाकांना लावले, आणि आठवड्यातून एकदा सकाळी गेजने हवा, आकडा कागदावर, असे ठरले. एक्स्टेन्शनचे जोड ढिले झाले तर तेच गळते, म्हणून हवा भरल्यावर तिथे थुंकी लावून बुडबुडा पाहायचा. हे शास्त्र पंक्चरवाल्याचे, आमचे नाही.

आम्हाला वाटले प्रकरण मिटले. फुटणे खरेच थांबले. पण पाच महिन्यांनी त्याच जागेवरचा ९२ नंबरचा टायर १८ हजारांवर पंक्चर म्हणून निघाला, आणि पंक्चरवाल्याने तो मिस्त्रींना बोलावून दाखवला. टायरच्या बाजू ठणठणीत, नक्षी भरपूर. पण रिमवर बसणारी कड, बीड म्हणतात ती, सगळीकडून कडक झालेली, नखाने दाबली तर बारीक तडे. ट्यूब फ्लॅपला चिकटलेली. मिस्त्री कड बोटाने चाचपत म्हणाले, "हा हवेनं नाही मेला. हा भाजून मेलाय."

हवा कमी असली तर टायर बाजूला तुटतो. बीड जळते तेव्हा उष्णता टायरमध्ये तयार झालेली नसते, रिमकडून आलेली असते. रिमच्या आत असतो ब्रेकचा ड्रम. बाहेरच्या चाकाला वारा लागतो, आतले चाक ड्रमला मिठी मारून बसलेले, म्हणून आधी तेच भाजते. मिस्त्री पुढच्या खेपेला स्वतः गाडीत बसले. भरलेली गाडी खंडाळ्याचा उतार उतरून खालापूरच्या टोलनाक्यापुढे बाजूला घेतली आणि त्यांनी बाटलीतून बोटाने प्रत्येक ड्रमवर चार-चार थेंब शिंपडले. थेंबच, तापलेल्या ड्रमवर मगभर पाणी ओतले तर ड्रम तडकतो. बाकीच्या ड्रमवर पाणी हळूहळू सुकले. मागच्या डाव्यावर चर्र करून उडाले.

कोल्हापुरात आल्यावर चाक जॅकवर घेतले. ब्रेक दाबला, सोडला. बाकीच्या चाकांचे ब्रेकचे हात झटकन मागे येत होते, हा सावकाश, जड अंगाने यायचा, आणि पूर्ण यायचाच नाही. ब्रेक फिरवणाऱ्या दांड्याचा, एस-कॅमचा बुश कोरडा ठाक पडला होता. त्याच्या ग्रीस निपलमध्ये वाळलेला चिखल आणि त्यावर रंग. गाडी रंगवून आणली तेव्हाचा, म्हणजे किती सर्व्हिसांपासून तिथे ग्रीस गेले नव्हते ते उघडच होते. मी सर्व्हिसचे कागद काढले. सहाच्या सहा कागदांवर 'ग्रीसिंग' पुढे बरोबरची खूण होती.

खोटे कोणी केले नव्हते. ग्रीसिंग झाले होते, फक्त एका निपलला सोडून, आणि कागद ग्रीसिंग विचारत होता, निपल विचारत नव्हता. कागद बदलला. आता त्यावर निपलांची यादी आहे, जागेसकट, आणि खूण केव्हा करायची तर पलीकडच्या बाजूने जुने काळे ग्रीस बाहेर आलेले दिसल्यावर. बंद निपल बदलायचे, त्यांचा डबा पिटच्या कट्ट्यावरच ठेवला. त्या एका चाकाचा बुश, स्प्रिंग आणि निपल मिळून जो खर्च आला तो एका टायरपेक्षा बराच कमी होता. आणि आधीच्या चार टायरांतही हवेचा दोष किती आणि भाजण्याचा किती, हे आता सांगता येणार नाही, कारण ते तुकडे भंगारात गेले होते. तेव्हापासून फुटलेला टायर मिस्त्रींनी पाहिल्याशिवाय भंगारवाल्याला द्यायचा नाही.

यातून टायर वाचायची सवय लागली. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त; पुढच्या चाकावर तळवा आडवा फिरवला आणि एका दिशेने मऊ, उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो-इन बिघडलेले. ते अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी किंग पिन आणि टाय रॉडचे ढिलेपण बघायचे, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे आठवड्यात फुकट.

गोटा होईपर्यंत टायर पळवायची जुनी खोड मात्र पैशाच्या हिशेबानेच गेली. शेठ गोल आकड्यांत समजावत. टायर २१ हजारांचा आणि तो नक्षी तीन-चार मिलिमीटर असताना ७० हजार किलोमीटरवर काढला. सहा हजारांत रबर चढवले आणि तो आणखी ४५ हजार पळाला. २७ हजार रुपये, एक लाख १५ हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साडेतेवीस पैसे. तोच टायर आणखी आठ हजार रेटून गोटा केला, तर केसिंगला दगड लागलेले, धागे दिसलेले. रिट्रेडवाला हातही लावत नाही. २१ हजार भागिले ७८ हजार, जवळजवळ २७ पैसे. साडेतीन पैसे कोणाला दिसतात? पण दहा चाके, महिन्याला सहा हजार किलोमीटर, म्हणजे एका गाडीमागे महिन्याला दोन हजार रुपये. आठ हजार किलोमीटर 'वाचवण्यासाठी' ते आपण घालवत होतो. रबर चढवलेला टायर पुढे कधीच घालायचा नाही, पुढे नवाच, आणि जोडीच्या दोन टायरांच्या नक्षीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर उंच टायर भार उचलतो आणि ठेंगणा फरफटत जातो.

२०१८ च्या जुलैत सरकारने दहा चाकीचा एकूण भार २५ टनांवरून साडेअठ्ठावीसवर नेला. बाजारात सगळे जादा साडेतीन टनांच्या भाड्याचे गणित करत होते. अण्णांनी जुन्या गाड्यांवर एक टनही वाढवला नाही, यावरून घरात भांडण झाले, ते धाकट्या शेठच्या लेखात नसेल. नंतरच्या गाड्यांना रेडियल टायर आले आणि त्यांच्यासाठी नियम वेगळा करावा लागला. ठरलेल्या हवेच्या ऐंशी टक्क्यांहून कमी हवेवर पळालेला रेडियल सरळ हवा भरून रस्त्याला लावायचा नाही. त्याच्या बाजूच्या पोलादी तारा वाकून वाकून थकलेल्या असतात आणि हवा भरताना बाजू चेनसारखी उसवून फुटते, उभ्या माणसाच्या तोंडावर. टायर खोलून आतून पाहायचा, आणि भरायचा तो लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपुढे आमचा फळा थोडा थिटा पडतो. ग्रीस आणि हवा सांभाळली तरी एखादा सेन्सर रुसतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनाची ताकद कमी होते, आणि मिस्त्री हात पुसून बाजूला होतात. अशी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. त्यावर आमच्याकडे वही नाही, असेल तर सुचवावी.

सात नंबरची गाडी पुढे विकली. घेणाऱ्याने चाकांसकट घेतली, म्हणून वहीतल्या दहा पानांवर 'गाडीबरोबर गेला' अशी नोंद आहे. आतल्या चाकांची चारही एक्स्टेन्शने मात्र मिस्त्रींनी आदल्या रात्री काढून घेतली. निपलांच्या डब्यात आहेत.